शिरूरच्या हॉलमधला माईक आणि मच्छिंद्ररावांचं नाक

मी खंडू मंडपवाल्याचा माईक बोलतोय. लग्न असो की बारसं, लोक आधी माझ्या डोक्यावर टपल्या मारतात आणि मग ‘हॅलो, हॅलो’ करतात. याचा मला मनस्वी राग आहे. पण माणसाच्या ओठांशी राहून एक गोष्ट मला कळते, ती म्हणजे त्याचा श्वास.

परवा शिरूरच्या हॉलमध्ये मच्छिंद्रराव आणि अनिताबाईंच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. मच्छिंद्रराव कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत शिफ्ट करतात. भाषण मुलांचं होतं. दुपारी तालीम करताना दोघांनी वाटणीच करून टाकली होती. हसवायचं पृथ्वीराजनं, आभार मानायचे धनश्रीनं, शेवटी आईबापांचे उखाणे आणि मग केक. आत्याच्या भांडणाचा किस्सा त्यांनी शहाणपणानं गाळला.

पृथ्वीराज रंगात आला होता. “पप्पांनी पंचवीस वर्षांत मम्मीच्या भाजीला एकदाबी नाव ठेवलं न्हाई. परवा दूध करपून काळं झालं, पप्पा गॅसशेजारीच पेपर वाचत बसलेले!” हॉल हसला. त्यानं हसू ओसरू दिलं आणि वडिलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. “आता परीक्षा. वासावरनं मम्मीचा पदार्थ वळखायचा.”

त्यानं मला आणि एक वाटी त्यांच्या नाकाशी धरली. वाटीत लसणाची चटणी होती. मच्छिंद्ररावांनी दोनदा खोल श्वास ओढला. दुसरा श्वास घाबरलेला होता.

“पुरणपोळी,” ते म्हणाले.

लोक पोट धरून हसले. पुढच्या रांगेत त्यांच्या शिफ्टचे जोडीदार इब्राहिम बसले होते. एकटे तेच हसले नाहीत.

मग मी धनश्रीच्या हातात गेलो. तिनं कार्ड वाचायला घेतलं. “पप्पा, तुम्ही घरासाठी झिजलात. मी दहावीत असताना प्लँटमध्ये गॅसचं लिकेज झालं, आन् सायरनच्या आधी तुम्हाला वास आला. तुमच्यामुळं सात माणसं घरी आली. आजबी सगळी शिफ्ट तुमच्या नाकावर...”

ती थांबली आणि चटणीच्या वाटीकडे बघू लागली. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं माझं बटण बंद केलं आणि वडिलांजवळ गेली. बटण बंद असलं तरी माझा कान उघडाच असतो.

“पप्पा, कवापासनं?”

“करोना झाला तवापासनं. कुणाला बोलू नको. समदी माझ्या भरवशावर हायेत.”

“म्हणूनच बोलती,” ती म्हणाली.

तिनं अंगठा माझ्या बटणावर ठेवला. केकवरच्या मेणबत्त्या वितळत होत्या. मग तिनं बटण चालू केलं.

“इब्राहिम चाचा, पप्पांना वास येत न्हाई. उद्या साहेबांना सांगितल्याबिगर ते प्लँटमध्ये पाऊल टाकणार न्हाईत. पप्पा, तुम्ही आमच्यासाठी लय केलंत. आता एवढं आमचं ऐका.”

कुणी टाळी वाजवली नाही. अनिताबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. उखाणे राहिले ते राहिलेच.

आता मी खंडूच्या पेटीत पडून आहे. त्या वाटीतली चटणी माझ्या जाळीला लागली आहे, खंडू वास येतो म्हणून कुरकुरतो. मला पुसा, पण टपल्या मारू नका. आणि घरातलं माणूस करपलेल्या दुधाशेजारी निवांत बसलेलं दिसलं, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा.