अमृताच्या मोबाईलचं कुलूप

कार्ला फाट्यावर भज्यांच्या गाड्या चिक्कार, पण पोरीच्या मोबाईलला कुलूप लावलेली बाई एकटीच, म्हंजे मी, सरू. हे म्या सगळ्या फाट्याला सांगितलं होतं, कुणी न विचारता.

माझी अमृता सहावीत. माझा जुना मोबाईल तिच्याकडं. त्यात सिम न्हाई. माझं हॉटस्पॉट घ्यायचं, तेबी पाचशे एमबी झालं की बंद. गेम दिवसाला पाऊण तास, मग आपोआप मिटतो. साडेआठला अख्खा मोबाईल बंद. आन गेममदी काय इकत घ्यायचं असंल, तर आधी माझ्या मोबाईलवर विचारणा येणार. मी माझा पासवर्ड टाकून परवानगी दिल्याबिगर दमडी हलत न्हाई.

त्या रविवारी शेजारची सरबतवाली भागूमावशी तोंड पाडून बसलेली. नातवाला तिचा पिन म्हाईत. पोरानं तिच्याच मोबाईलवरनं गेमचे हिरे घेतले आन दोन हजार उडवले. आता मी गप बसायला पायजे होतं. पण गप बसंल ती सरू कसली!

"मावशी, पोरं काय आपसूक बिघडत न्हाईत. कुलूप लावा की! माझ्या अमृताकडं बघा."

मावशीनं मान वर केली. "व्हय गं, ते कुलूप लावलं कुणी?"

"अमृतानं. मला ते कुटं जमतंय?"

"आन पासवर्ड?"

"तोबी तिनंच..." म्हणता म्हणता माझं तोंड उघडंच राह्यलं.

"अगं बया! चोराच्या हातात किल्ल्या दिल्यास, आन गावभर कुलूप दाखवत फिरतीस व्हय?"

पलीकडं कणसं भाजणारा अंबाजी पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच की! रविवारी गिऱ्हाईकाची रीघ, माझे हात कोपरापतूर बेसनात. पैसे आलं का बघायचं, तेलवाल्याला पैसे पाठवायचं, सगळं अमृताच करती. विचारणा येणार ती माझ्या मोबाईलवर, आन मोबाईल तिच्या हातात! कढईतली भजी करपली तरी मला ध्यान न्हाई.

हात पुसले आन मोबाईल घेतला. मराठीत केलेला, तेवढं मला वाचता येतं. मेल खाली सरकवत गेले. मागल्या रविवारचा एक दिसला. अमृतानं परवानगी मागितली होती, एकोणनव्वद रुपयांची. म्या तर ते कधी बघितलंच नव्हतं.

"अमे! हिकडं ये!"

पोर कांदा चिरत होती, तशीच सुरी घेऊन आली. मी चारचौघांत मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "हे काय? खरं बोल, न्हाईतर आज तुझी धडगत न्हाई."

तिनं खाली मान घातली. "गेममध्ये घोडा होता. मागितला मी. तुझे हात पिठात होते, आई. मोबाईल माझ्याच हातात वाजला. मग मी पासवर्ड लिहायला घेतला. निम्मा लिहिला."

"मंग?"

"मग वाटलं, तू नाहीच म्हणली असतीस. म्हणून तुझ्या वतीनं मीच नाही म्हणलं."

अंबाजी हसायचा थांबला. म्या प्ले स्टोअर उघडलं, खरेदीची यादी बघितली. कोरी. एक ओळसुद्धा न्हाई. पोरीनं मागणारीबी आपणच आन नाकारणारीबी आपणच होऊन दाखवलं होतं, आन मी तिला चोर ठरवून बसले. तिला जवळ घेतली. हाताला राह्यलेलं बेसन तिच्या केसांना लागलं, लागू दे.

"आई," ती हळूच म्हणली, "तो पासवर्ड बदल. आन मला सांगू नको."

"अगं, तू तर कायबी घेतलं न्हाईस!"

"त्या दिवशी नाही घेतलं. परत हातात वाजला, तर मी नाहीच म्हणीन, असं मला सांगता येत नाही."

अकरा वर्सांची पोर! आमच्या वयाच्या बायांनासुद्धा स्वतःबद्दल एवढं खरं बोलता येत न्हाई. अभिमानानं ऊर भरून आला माझा.

बदलायचं कुटं, तेवढं तिनं दाखवलं आन पाठ करून उभी राह्यली. नवा पासवर्ड दोनदा लिहावा लागतो. एकेक विंग्रजी अक्षर हुडकत मला घाम फुटला. दोनदा चुकलं. अंबाजी म्हणला, "सरूताई, मी टाकून देऊ का?"

"तू कणसं भाज!"

गिऱ्हाईक खोळंबलं, एक गाडी तर भजी न घेताच गेली. जाऊ दे. तिसऱ्यांदा जमलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मोबाईलमदी म्या स्वतः कायतरी बदललं होतं.

भागूमावशी उठून आली. अमृताच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आन मग आपला मोबाईल म्होरं केला. "पोरी, माझ्यालाबी लाव बाई कुलूप."

"लावते, मावशी," अमृता म्हणली, "पण पासवर्ड तुमचा तुम्ही टाकायचा." आन तिनं परत पाठ फिरवली.