तीन वर्षांचं स्कोअरकार्ड, एका वर्षाचा दाखला

कपडे शिवण्यात आयुष्य गेलं, तरी कागद जपण्यात मास्तर भल्याभल्या कारकुनांना भारी. लेकीचं प्रवेश परीक्षेचं स्कोअरकार्ड आणि प्रवर्गाचा दाखला, दोन्ही दोन वर्षांपूर्वीचे, त्यांनी एकाच फाइलीत घातले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘तीन वर्षं चालेल.’ झालं! माणूस कामाला लागला की डोकं लावायचं विसरतो.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत लेकीला लांबच्या शहरातल्या कॉलेजात हवी ती जागा मिळाली. पडताळणी केंद्रातल्या बाईंनी फाइल उघडली आणि चष्मा वर केला.

“स्कोअरकार्ड ठीक आहे. निकालापासून तीन वर्षं, म्हणजे येत्या मार्चपर्यंत. पण दाखला यंदाच्या एक एप्रिलनंतरचा लागतो.”

“अहो ताई, जात काय दरवर्षी बदलते?”

“जात नाही, काका. उत्पन्न बदलतं, आणि दाखल्यात तेही असतं.” बाईंनी हमीपत्र पुढे केलं. “सोमवारी पाचपर्यंत नवा दाखला अपलोड करा. नाहीतर ही जागा रद्द होईल आणि पुढच्या फेरीत हिला खुल्या गटात धरतील.”

खुल्या गटात तिचा क्रमांक कुठेच लागत नव्हता. पुढच्या वर्षी स्कोअरकार्ड बाद. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला म्हणून पोरगी दोन वर्षं घरी राहिली होती, त्यांना चालायला शिकवत. आता हे शेवटचंच वर्ष.

आणि नेमक्या त्या क्षणी मास्तरांना हायसं वाटलं. म्हणजे ही जाणार नाही! पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मान वर केली नाही.

दाखल्याच्या अर्जाला उत्पन्नाचे पुरावे आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मास्तरांनी उजव्या हाताने, तो धड वळत नव्हता तरी, सही केली. मग रोज दाखला देणाऱ्या सरकारी कार्यालयाचे जिने चढले. तिथला शिपाई वैतागून म्हणाला, “काका, झोपायलाही इथेच या.” शुक्रवारी साहेबांची सही झाली. लेकीने तिथल्याच बाकावर बसून दाखला अपलोड केला, आणि संध्याकाळी संदेश आला: पडताळणी पूर्ण, जागा कायम.

घरी आल्यावर मास्तरांनी फाइलीवरचं ‘तीन वर्षं चालेल’ खोडलं. मग म्हणाले, “बाईंनी दाखला जुना आहे म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं गं. बाप असून.”

लेक त्यांच्या पायाला तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही.

“मलाही वाटलं, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही सही करेपर्यंत मी तुमच्याकडे बघितलं नाही.”