रुमालाखालचं तिकीट

आखाडा बाळापूरच्या ग्यानोबा खिल्लाऱ्यांनी उभ्या जन्मात फुकट काही घेतलं नव्हतं, आणि त्याचा त्रास इतरांना फार व्हायचा. पंचाहत्तरी उलटल्यावर एसटी फुकट झाली, तर ते पूर्ण तिकिटासाठी कंडक्टरशी भांडायचे. कंडक्टर शून्याचं तिकीट हातावर ठेवायचा, हे खाली उतरायचे आणि पायी निघायचे. रेल्वेनं म्हाताऱ्यांची सवलत बंद केली तेव्हा पेढे वाटणारा जिल्ह्यातला हा एकटा माणूस.

अशा माणसाला त्याची नात विमानाचं फुकट तिकीट द्यायला निघाली होती.

पल्लवी बंगळुरूला यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होती. कामासाठी सारखं विमानानं फिरायची. भाडं कंपनी भरायची, पण प्रवासाचे पॉइंट तिच्या खात्यात जमायचे आणि त्यांवर फुकट तिकीट मिळायचं. नोकरी करता करता तिनं एमटेक केलं होतं. बंगळुरूच्या पदवीदानाला आजोबांना, म्हणजे आबांना, हैदराबादहून विमानात बसवून न्यायचं, तेही स्वतःच्या पॉइंटवर, असं तिनं ठरवलं होतं. तसं घरात सांगितलंही होतं, म्हणजे गावभर झालंच होतं.

"तिकिटाला पैसे कोन देनार?" आबांनी विचारलं.

"कोणीच नाही. पॉइंट देणार."

"मंग मी न्हाई येत."

चुलीपुढून आबांची बायको केशरबाई म्हणाल्या, "हे सरनावर जाताना बी खांदेकऱ्याईला भाडं देतीन. तू कायले डोकं लावून राहिली, पोरी?"

खरी गोष्ट पल्लवीनं कुणाला सांगितली नव्हती. त्या तारखेचं तिकीट सकाळपासून पॉइंटमध्ये महागलं होतं आणि तिचे पॉइंट कमी पडत होते. उरलेले पैसे गुपचूप आपल्या कार्डावर भरायचे, असा तिचा बेत होता. पण आता आबाच येत नाहीत म्हटल्यावर लपवायचं कुणासाठी?

"आबा, खरं सांगू? पॉइंट पुरत नाहीत. थोडे रोख भरावे लागतात. आणि पुरले असते तरी विमानतळाचा खर्च अन् कर रोखच द्यावा लागतो."

आबा एकदम ताठ बसले. "मंग आधी काहून न्हाई सांगितलं? पुरं रोखच काढ."

"पुरं रोख काढलं तर त्यात माझं काय? मी काय तिकीट काढून देणारी एजंट?"

आबांना हे पटलं. चाळीस वर्षं ते बैलबाजारात दलाल होते. दोघांनाही मान राहिला नाही तर सौदा मोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "दाखव, कसं असतंय ते."

मोबाईलवर एक आडवी पट्टी होती, तिच्यावर गोल टिकली. टिकली उजवीकडे नेली की पॉइंट जास्त, रोख कमी. डावीकडे नेली की उलटं. आबांनी मोबाईलवर रुमाल टाकला आणि आत हात घातला. बैलाचा भाव असाच, बोटांनी, न बोलता ठरतो. पल्लवीनंही हात घातला.

बराच वेळ रुमालाखाली काहीतरी लढत होतं. केशरबाईंनी भाकरी करपू दिली.

"अडकलं," आबा रुमालाचं टोक उचलून म्हणाले. "डाव्या अंगाला सरकंना."

"एवढे पॉइंट तरी घ्यावेच लागतात. कंपनीचा नियम आहे."

"आन् उजवीकडं?"

"तिकडं माझे संपतात."

आबांच्या खरबरीत बोटानं पुन्हा जोर लावला. पल्लवीनं टिकली जागची हलू दिली नाही. मध्येच तिनं खोटी माघार घेतली आणि आबा गाफील होताच दणकन उजवीकडे नेली. ही चाल तिला कुणी शिकवली नव्हती. आबा थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी समोरच्याच्या आधी बोट उचललं.

"झाला सौदा," ते म्हणाले. "पक्की दलाल झाली रे लेकरू."

रोख आबांच्या एटीएम कार्डावरून भरायचं ठरलं. त्यांच्या फोनवर ओटीपी आला. पल्लवीनं हात पुढं केला, पण आबांनी फोन छातीशी धरला.

"कोनालाच सांगू नका म्हनून लिवलंय."

"मी नात आहे!"

"नातीला सोडून, असं न्हाई लिवलेलं."

त्यांनी एकेक आकडा स्वतः दाबला. ओटीपीची मुदत संपता संपता तिकीट निघालं. त्यावर वर पॉइंट, खाली रुपये, आणि मध्ये नाव ग्यानोबा खिल्लारे.

मंगळवारी बाजारात कुणीतरी हटकलं, "काय आबा, नातीच्या जिवावर विमान?"

"जिवावर न्हाई," आबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "आमी भागीदारीत काढलंय. अन् तिचा वाटा माह्यापेक्षा मोठा हाय."

मागं पिशवी धरून उभ्या असलेल्या पल्लवीला हे ऐकू आलं. पदवी तशी तिला बंगळुरूला मिळायची होती, पण एक इथं बाजारातच मिळून गेली.