टोवेला विचारलेले प्रश्न

२०२१ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये सगळ्याच बैठका पडद्यावर होत. माणसं वर कोट आणि खाली घरातली विजार घालून मोठमोठे व्यवहार करत. टोवे आणि तिचा भागीदार आस्गर यांची पैसे घालणाऱ्यांशी बैठकही तशीच झाली, आणि समोरच्यांच्या परवानगीने, काम झालं की पुसून टाकायच्या बोलीवर, ती ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवली गेली.

लिमफ्योर्ड या खाडीच्या पाण्यात काळ्या शिंपल्यांची शेती होते. दोरांना लागलेले शिंपले वाढत जातात तसा दोर जड होतो, आणि वेळेवर जादा तरंगे बांधले नाहीत तर तो तळाला टेकतो. तळाशी तारामासे टपलेलेच असतात. टोवेने दोराचं वजन सांगणारं एक यंत्र केलं होतं. ते तरंग्याखाली अडकवायचं, की शेतकऱ्याला घरबसल्या कळे, आता बोट काढायला हवी. यंत्र टोवेचं, बोलणं आस्गरचं, अशी त्यांची पहिल्यापासूनची वाटणी होती. वसंतापर्यंत कुणी पैसे घातले नाहीत तर कंपनी बंद करायची, हेही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी समोर होती विबेके. अशा लहान कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका निधीत ती निर्णय घेई. पांढरे आखूड केस, हळू बोलणं. बैठक संपली आणि आस्गरने लगेच फोन केला.

"टोवे, जिंकलो! एकसुद्धा आक्षेप नाही. बाई नुसती मान हलवत होती."

"मान तर माझा दंतवैद्यही हलवतो," टोवे म्हणाली. "आणि मग दात काढतो."

"तू ना! बरं, सारांश काढ. गुरुवारी त्यांची आपसांत बैठक आहे, त्याआधी मागितलेले कागद गेले पाहिजेत."

सारांश नेहमी टोवेच काढी. पान घ्यायचं, तीन भाग पाडायचे: विचारलेले प्रश्न, घेतलेले आक्षेप, मागितलेलं साहित्य. प्रत्येक ओळीपुढे चित्रमुद्रणातली वेळ टाकायची, म्हणजे शंका आली तर तिथेच जाऊन ऐकता येतं. बोललेलं आपोआप उतरवून देणाऱ्या यंत्राला डॅनिश झेपत नसे. त्याने 'तारामासे' या शब्दाचं काय केलं होतं ते सांगण्यासारखं नाही. म्हणून टोवे कॉफीची सुरई भरून कानाला हेडफोन लावून बसली.

मागितलेल्या साहित्यापासून सुरुवात केली, कारण ते सोपं वाटलं. आस्गरच्या टिपणात ग्राहकांची पत्रं, बोटीवरची चित्रफीत, रंगीत आलेख असं बरंच काही होतं. ऐकताना कळलं, हे कुणी मागितलंच नव्हतं. आस्गरने आपणहून देऊ केलं होतं आणि बाई "छान" म्हणाली होती. तिने मागितल्या होत्या दोनच गोष्टी: गेल्या हिवाळ्यातली वजनं, जशी नोंदली गेली तशीच, आलेख न करता. आणि ज्याने यंत्र परत केलं अशा एखाद्या शेतकऱ्याचा फोन नंबर. आस्गर त्यावर हसून "हो, हो, नक्की" म्हणाला होता. त्याच्या टिपणात होतं: समाधानी ग्राहकांचे नंबर.

मग टोवे प्रश्नांकडे वळली. प्रश्न, कुणी विचारला, उत्तर काय दिलं. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. विबेके म्हणत होती, "टोवे, वजन वाढलं ते शिंपल्यांचं की दोराला लागलेल्या इतर जीवांचं, हे तुझ्या यंत्राला कसं कळतं?" आणि पाठोपाठ आस्गरचा आवाज, "फार सुंदर प्रश्न! आमची प्रणाली ते शिकत जाते."

टोवेने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात ती स्वतः दिसत होती. तोंड उघडलेलं. मग मिटलेलं. मग हात कपाकडे गेलेला.

पुढे पुन्हा तेच. "टोवे, बर्फ धरला की काय होतं?" आस्गर बोलला. "टोवे, तू आजारी पडलीस तर पाण्यावर कोण जातं?" आस्गर बोलला. तिन्ही वेळा तिचं तोंड उघडलं आणि मिटलं, आणि बैठकीत तिला याची जाणीवही झाली नव्हती. तिसऱ्या उत्तरानंतर विबेके एकदम किमतीविषयी बोलू लागली. टोवेला तेव्हा ते समाधानाचं लक्षण वाटलं होतं.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग परत येऊन तिने प्रश्नांपुढे आणखी एक रकाना पाडला: कुणाला विचारला. आणि आक्षेपांच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'टोवेला विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आस्गरने दिली. उत्तरं मिळाली असं विबेकेला वाटलेलं दिसत नाही.'

संध्याकाळी आस्गर आला, हातात बेकरीची पिशवी. सारांश वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा आक्षेप कुठून काढलास? ती असं म्हणाली तरी का?"

"तीनदा म्हणाली. प्रश्न करून."

"म्हणजे मी नडलो तर."

"ऐक तरी."

त्याने ऐकलं. शेवटचा भाग दोनदा ऐकला. मग पिशवीची घडी घालत बसला.

"कोपनहेगनला तू व्यासपीठावर गप्प झाली होतीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, परत तसं नको. मी तुला वाचवत होतो गं."

"माहीत आहे. पण तेव्हा एकदाच बुडत होते मी, आस्गर. तू अजून दोर ओढतोच आहेस."

तो हसला, पण डोळे पुसूनच. "आता काय लिहिणार आहेस तिला?"

टोवेने लिहिलं ते असं. शिंपले कुठले आणि इतर जीव कुठले, हे यंत्राला कळत नाही. महिन्यातून एकदा बोटीने जाऊन एक दोर वर ओढून पाहावा लागतो, आणि त्यावरून आकडे दुरुस्त करावे लागतात. गेल्या हिवाळ्यात दोन ठिकाणी तरंगे बर्फात अडकले आणि तिथली वजनं खोटी आली. सोबत पाठवलेल्या नोंदींत ती तशीच आहेत. मी आजारी पडले तर आज तरी कुणी जात नाही. पहिला माणूस त्यासाठीच ठेवायचा आहे. खाली यंत्र परत करणाऱ्या क्रेस्टनचा नंबर.

"क्रेस्टन शिव्या देईल," आस्गर म्हणाला.

"देऊ दे. त्याच्याच शेतात बर्फ धरला होता."

शुक्रवारी विबेकेचा फोन आला, तोही टोवेला. "क्रेस्टनने भरपूर शिव्या दिल्या," ती म्हणाली. "मग म्हणाला, पण ती बाई बर्फात स्वतः आली होती. आपण पुन्हा बसू या. अर्धा वेळ आस्गरने काही बोलायचं नाही. जमेल त्याला?"

"तोंडात केक कोंबून बसवते."

दुसऱ्या बैठकीत आस्गरने खरोखरच केक खाल्ला. टोवे अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. मागितले होते तेवढे पैसे मिळाले नाहीत. दोन हिवाळे आणि एक माणूस, एवढ्यापुरते मिळाले.

पुढे कंपनी तगली. मोठी झाली नाही. विबेके निवृत्त झाली आणि आता फ्योर्डवर होडी वल्हवते. क्रेस्टनने यंत्र पुन्हा घेतलं नाही ते नाहीच, पण शरद ऋतूत टोवेकडे शिंपल्यांची बादली पाठवतो. आस्गर दोन वर्षांनी बाहेर पडला. ओडेन्सला छपरांवरचे सौर पॅनेल विकतो आणि रविवारी फोन करतो. बैठकीचं ते चित्रमुद्रण ठरल्याप्रमाणे पुसून टाकलं. टोवे अजून महिन्यातून एकदा बोटीवर जाते. सोबत आता कामाला ठेवलेली एक मुलगी असते, आणि पाण्यावरच्या कुणी तिला काही विचारलं तर टोवे मुद्दाम दुसरीकडे पाहते.