उरलेला तुकडा

धाकटीच्या तुकड्याचे चार कोपरे यंत्राने टिपून ताईने क्षेत्रफळ काढलं. तीनशे अठरा चौरस मीटर. हवे होते तीनशे साठ!

मोजणीत केस पांढरे झालेली बाई ती. चुकून बोट पडलं असेल म्हणून पुन्हा कोपरे टिपले. पुन्हा तेच. तीनशे चाळीसच्या खाली घराला परवानगी मिळत नाही, आणि धाकटी तर खिडक्यांचे रंग ठरवून बसली होती.

तिघा भावंडांसाठी वडिलांच्या जमिनीचे तुकडे ताईनेच पाडून दिले होते. स्वतः हिस्सा घेतला नव्हता, त्याचा तोरा मात्र पुरेपूर मिरवला होता. जुन्या नकाशावर एकूण एक हजार ऐंशी होते. रस्त्याला लागून, आत वीस मीटर जाणारे दोन तुकडे तिने तीनशे साठचे आखले आणि एकुणातून ते वजा करून राहिलेले धाकटीच्या नावावर लिहिले. मग तिन्हींची बेरीज केली. जुळणारच की! वजाबाकी करून काढलेला आकडा परत मिळवला तर दुसरं काय होणार? धाकटीच्या तुकड्यापलीकडचं तिरपं कुंपण तिने मोजलंच नव्हतं. घरचंच काम, कशाला एवढं, असं म्हणाली होती. आता स्वतःचाच इतका राग आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिने सगळी जमीन नव्याने मोजली. एक हजार अडतीस भरली. म्हणजे जुना नकाशाच बेचाळीसने फुगलेला, आणि ती सगळी तूट एकट्या धाकटीच्या गळ्यात. खरा वाटा प्रत्येकी तीनशे शेहेचाळीस. थोरल्याची हद्द सत्तर सेंटिमीटर आत येत होती. तिथे नुसतं अंगण होतं, तो कुरकुरून तयार झाला. मधल्याची धाकटीकडची हद्द मात्र एक मीटर चाळीस सरकत होती, आणि त्याची भिंत हद्दीपासून जेमतेम मीटरभर लांब.

ताई टेप घेऊन मधल्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि धाकटीकडच्या भिंतीपासून चाळीस सेंटिमीटर आत खडूने रेघ ओढली. रेघ ओट्यावरून गेली. मधल्याच्या बायकोने ओट्यावरची भांडी उचलून घेतली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का?" मधला ओरडला. "नवं घर आहे हे!"

"चूक माझी आहे. ते तिरपं कुंपण मी मोजलंच नव्हतं. धाकटीला तीनशे अठराच आलेत. तिचं घर होणार नाही."

दारात उभी धाकटी रडवेली झाली. "राहू दे गं ताई. मला नको घर."

मधल्याने एकदा रेघेकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं. शिव्या खायच्या तयारीनेच ताई आली होती. वाद, अबोला, सगळं तिने गृहीत धरलं होतं.

"गवंड्याला उद्याच बोलावतो," तो म्हणाला. "पण भिंत पाडण्याआधी सगळं कुंपण माझ्यासमोर परत मोज. मी टेप धरतो."

 ताईने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.