तक्रारींचं पान

सोफे-गालिचे धुऊन देण्याच्या व्यवसायाचा आराखडा वहिनीने लिहिला होता. त्यातलं तक्रारींचं पान धाकट्या दिराने काढून टाकलं.

"तक्रारी येणार, असं आपणच लिहायचं? हा तर आपल्याच पायावर धोंडा!"

"येणारच. काम माणसं करणार आहेत, भावजी," म्हणत तिने पान परत लावलं.

कर्ज मागायला गेल्यावर बँकेच्या साहेबांनीही त्याच पानावर बोट ठेवलं. "हे काढा, मग बघू."

"नाही काढणार. एकाने धुतलेलं दुसरा तपासेल, मगच गिऱ्हाइकाची सही. तरी तक्रार आली, तर त्याच दिवशी नोंद, काम पुन्हा फुकट आणि चूक का झाली त्याचा शोध. एवढंही जमणार नसेल, तर धंदा काढूच कशाला?"

साहेबांनी फाईल परत सरकवली. वहिनी ती काखोटीला मारून ताठ मानेने बाहेर पडली आणि कर्जाविनाच, एका जुन्या मशीनवर तिने काम सुरू केलं.

थोड्याच दिवसांत एका बाईंचा फोन आला, धुतलेल्या सोफ्याला कुबट वास येतोय. वहिनीने नोंद केली, स्वतः जाऊन पाहिलं. सोफा आतून ओला राहिला होता. तिने तो पुन्हा धुऊन पंख्याखाली वाळवला.

"आतून वाळलं का, हेही तपासणीत घालू?" दिराने विचारलं.

"घाला," वहिनी म्हणाली, "आणि ते पान आता दुसऱ्या बँकेत न्या."