वजूचा लोटा

पटकीतून मी वाचलो आणि लघवीत अडकलो. मी निजाम, जुन्नरच्या बाजारात माझं गुळाचं दुकान. उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत पार पिळून निघालो. जुलाब थांबले, तशी लघवीही थांबली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "शरीर इतकं कोरडं पडलं की मूत्रपिंड दमलं. आठ-पंधरा दिवसांत जागं होईल. तोवर आत गेलेलं बाहेर पडणार नाही, म्हणून आत मोजूनच जायचं."

रोज सकाळी ते बाटलीतली लघवी बघायचे आणि दिवसभराच्या पाण्याचा आकडा पाटीवर लिहायचे. लघवीइतकं पाणी, वर घामा-श्वासापुरते अठरा औंस: चार औंस लघवी, तर बावीस औंस पाणी. खायला साखर आणि लोणी. अम्मानं शहाळं आणलं, ते परत पाठवलं. गूळही बंद. दोन्हींत पोटॅशियम नावाचा क्षार असतो, तो रक्तात साठला की काळीज थांबतं म्हणे. गुळाच्या व्यापाऱ्याला गूळ विष! मला हसू आलं नाही.

माझ्याच दुकानातला मोठा काटा आणून खाटेशेजारी ठेवला होता. रोज मला पोत्यासारखं तोलायचे. अर्धा पौंड उतरलो तर ठीक, चढलो तर चोरून प्यालो.

आणि मी प्यालो. नमाजच्या आधी वजूला, म्हणजे हात-तोंड धुवायला, लोटा मागायचा, तोंडावर हात फिरवायचा आणि बाकीचं घशाखाली. सांगायची लाज वाटते, पण अल्लाच्या नावानं मागितलेलं पाणी मी दिवसातून पाच वेळा ढोसलं. माझं खरं मानून माझी बायको जोहराबी शपथेवर सांगायची, "त्यांनी थेंब घेतला न्हाई." तिसऱ्या दिवसापर्यंत मी चार पौंडांनी चढलो, पाय सुजले, आडवं झालं की दम लागे. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, मग लोट्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून जोहरानं लोट्याऐवजी मातीचं कोरडं ढेकूळ ठेवलं. आजाऱ्याला तयम्मुम चालतो, पाण्याऐवजी माती. माझ्या प्रत्येक शब्दाला ती त्या ढेकळासारखीच कोरडी झाली.

सूज उतरली. दहाव्या दिवशी जवळच्या डिंगोरे गावात पटकी पसरली म्हणून डॉक्टरांना अचानक निघावं लागलं. पाटीवर "वीस" लिहून, दोन दिवसांत येतो म्हणाले.

त्याच दुपारी लघवी सुटली. दुसऱ्या सकाळपर्यंत साठ औंस, तिसऱ्या सकाळपर्यंत आणखी एकशे दहा! कंपाउंडर भिमाजी बाटल्या भरता भरता नाचला, अम्मानं साखर वाटली. सगळ्यांच्या लेखी मी बरा झालो होतो. मला मात्र भिंती फिरताना दिसत होत्या. जीभ टाळूला चिकटलेली, पोटऱ्यांत गोळे, छातीत ठोके चुकत होते.

"जोहरा, पाणी दे. मरतोय मी."

"वीस झालं."

"खरंच सांगतोय."

"तवाबी खरंच सांगितलं व्हतं."

दार उघडं, खाटेला दोरी नाही, तरी माझ्याइतका कोंडलेला माणूस साऱ्या तालुक्यात नसेल. त्या कोठडीची भिंत मीच चढवली होती.

डॉक्टर गेल्यापासून तोलणं राहिलं होतं; तिसऱ्या सकाळी मला काट्यावर बसवलं. भिमाजी वजनं काढत गेला. जोहरानं त्याचा हात धरला.

"किती उतरलं?"

"दोन दिसांत नऊ पौंड."

ती काट्याकडे बघत राहिली. "भिमाजीभाऊ, चोरून प्याले तवा काटा चढला व्हता. आता लघवी एवढी गेली आन् पाणी तेच वीस. ह्यांच्यात उरलं काय?"

"डाक्टरच्या पाटीवर वीस लिवलंय, वैनी."

"पाटीनं ह्यांना पाहिलंय का?" तिनं माझ्या ओठांना लोटा लावला, चिमूट मीठ टाकून, घोट-घोट. मी रडलो, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. तेवढंही शिल्लक नव्हतं.

भिमाजी सायकलवरून डिंगोऱ्याला पळाला. दुपारी डॉक्टर आले, नाडी धरताच सलाईन लावलं. म्हणाले, "नळ सुटला, पण गाळणी अजून कच्ची आहे. पाणी, मीठ, तो क्षार, सगळंच वाहून जातंय. बाईंनी वेळेवर दिलं." माझं रक्त काढून, ते निवळल्यावर वरचं पातळ पाणी त्यांनी तपासायला एस.टी.नं पुण्याला धाडलं. क्षार कमी असल्याचा निरोप आला. मग ज्या शहाळ्यावर बंदी होती, तेच मोजून पाजलं.

पुढे लघवी रोज थोडी कमी होत ठिकाणावर आली. पूर्ण ताकद यायला तीन महिने लागले.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजची बांग झाली. माती शोधायला मी हात पुढे केला. जोहरानं काठोकाठ भरलेला लोटा माझ्यापुढे ठेवला आणि पाठ करून आत गेली. ती बघायला थांबली नाही.